पोस्ट काढली, फोटो राहिला

"अगं, पोस्ट सकाळीच काढून टाकली. आता प्रश्न मिटला ना?"

निवारागृहाच्या अधीक्षिका ताईंचा हा फोन आला, तेव्हा झालं काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं. घरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायका आणि त्यांची मुलं तिथे राहतात. पत्ता कुठेही छापत नाहीत. पत्रं, देणग्या, भेटीगाठी सगळं शहरातल्या कार्यालयात. गावाचं नाव मीही इथे देणार नाही. संस्थेची वेबसाइट मी सांभाळते. बातम्या आणि फोटो मात्र त्यांची एक तरुण कार्यकर्ती चढवते.

आदल्या दिवशी दुपारी एक गृहस्थ मिठाईचे बॉक्स घेऊन थेट फाटकाशी येऊन उभे राहिले. वॉचमनकाकांनी अडवलं आणि पत्ता कोणी दिला म्हणून विचारलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. राखीपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा फोटो त्यांना आवडला होता, म्हणून वेबसाइटवरून उतरवून घेतला होता. गॅलरीत तो फोटो वर सरकवला की खाली नकाशा दिसत होता, आणि नकाशावरची टाचणी बरोबर त्या फाटकाच्या आत. माणूस भला होता, मिठाई मुलांसाठीच आणली होती. पण जे त्यांना सहज सापडलं ते कोणालाही सापडू शकतं, हे ताईंना त्याच क्षणी कळलं आणि रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

फोटो निवडताना त्या मुलीने कमी काळजी घेतली नव्हती. चेहरा एकही नव्हता. नुसते हात, राख्या, ताटातलं निरांजन. मागची पाटी कापलेली. डोळ्यांना दिसतं ते सगळं तिने तपासलं होतं. पत्ता होता तो चित्रात नव्हता, फाइलमध्ये होता.

मी मूळ फाइल मागवली आणि एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम त्यावर चालवला:

```
exiftool -a -G1 -s rakhi-03.jpg
```

ओळींमागून ओळी आल्या. मोबाइलची कंपनी, मॉडेल, फोटो काढल्याची वेळ सेकंदापर्यंत, समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि `GPSLatitude`, `GPSLongitude`. अक्षांश अंश, मिनिटं आणि सेकंदाच्या दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला होता. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण 31 मीटर, त्यामुळे आकडा अगदी फुटाच्या हिशेबाचा दिसतो. मोबाइलचं जीपीएस प्रत्यक्षात तेवढं अचूक नसतं, मोकळ्या जागी चार-पाच मीटर इकडे-तिकडे होतं. पण घर शोधायला तेवढं पुरे.

ही माहिती वाटेत कुठेच गळली नाही, त्याचं कारण कार्यकर्तीकडून कळलं. कॅमेऱ्यातली लोकेशनची सोय चालू होती आणि फोटोची क्वालिटी जाऊ नये म्हणून तिने तो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला होता. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्या भानगडीत ही माहिती निघून जाते. डॉक्युमेंट मात्र जसंच्या तसं पोचतं. तोच फोटो संस्थेच्या फेसबुक पानावरही होता, आणि तिथून उतरवला तर जागा सापडत नव्हती, कारण फेसबुक लोकांना दाखवायची प्रत करताना ही माहिती काढतं. फेसबुककडे ती पोचते, तो वेगळा विषय. स्वतःच्या वेबसाइटवर ही सफाई आपोआप होईल असं कोणी धरून चालू नये.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. पोस्ट काढली होती हे खरं. मी ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पोस्टचा पत्ता टाकला, पान सापडत नाही असा संदेश आला. मग फोटोचा थेट पत्ता टाकला. फोटो उघडला. आमची साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्या वर्डप्रेसमध्ये पोस्ट काढली की फक्त पोस्ट जाते. फोटो `wp-content/uploads` मध्ये आपल्या जागी राहतो, आणि ज्याच्याकडे लिंक आहे त्याला तो मिळतो. शिवाय तिथे तो एकटा नसतो. एखादी बाजू 2560 पिक्सेलपेक्षा मोठी असेल तर वर्डप्रेस नावापुढे `-scaled` लावून लहान प्रत बनवतं, ती पानावर दाखवतं आणि मूळ फाइल शेजारीच ठेवतं. लिंकमधून `-scaled` एवढा शब्द खोडला की मूळ फाइल हातात. आमच्या सर्व्हरवर तर लहान प्रतींमध्येही जीपीएस टिकून होतं. चित्रं लहान करणारी जी लायब्ररी सर्व्हरवर असते, तिच्यावर हे अवलंबून असतं.

फोटो मी मीडिया लायब्ररीतून कायमचा काढला. तसा काढला की मूळ आणि सगळ्या प्रती एकत्र जातात. पुन्हा लिंक उघडली तर फोटो अजून हजर! आमच्या साइटपुढे सीडीएन आहे, म्हणजे चित्रांच्या प्रती स्वतःकडे ठेवून झटपट देणारी सेवा. तिच्याकडची प्रत वेगळी पुसावी लागली. तेव्हा कुठे सर्व्हरने नकार दिला.

माझ्या अखत्यारीतलं तिथे संपलं. पुढची यादी मी आणि ताईंनी फोनवरच केली. जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पानाची नोंद होती, फोटोसकट. संस्थेच्या डोमेनवरच्या ईमेलवरून आम्ही ती काढण्याची विनंती पाठवली, पण उत्तर कधी येईल ते त्यांच्या हातात. देणगीदारांना पाठवलेल्या पत्रात फोटो जोडलेला होता, तो कोणाच्या इनबॉक्समधून परत घेता येत नाही. एका स्थानिक वार्ताहराला ड्राइव्हची लिंक दिली होती, ती बंद केली. त्याने आधी काय उतरवून घेतलं, ते त्याला विचारूनच कळणार. सर्व्हरच्या लॉगमध्ये फोटो कोणकोणत्या आयपीवरून मागितला गेला ते थोडं दिसत होतं, पण सीडीएनने परस्पर दिलेल्या प्रतींची नोंद आमच्याकडे येतच नाही. म्हणजे फोटो किती जणांकडे आहे, हे सांगायला कुठलाच मार्ग नव्हता.

नंतर फोटो हटवून काय हाती लागतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण अँटिव्हायरसवाल्या जॉन मॅकॅफीचं. बेलीझमधून निसटलेल्या मॅकॅफीबरोबरचा एक फोटो 3 डिसेंबर 2012 ला एका मासिकाच्या साइटवर आला. आयफोनवर काढलेला, आत ग्वातेमालातलं ठिकाण. मागाहून फाइल बदलली गेली, पण तोवर वाचकांनी आकडे वाचून जाहीर केले होते. दोन दिवसांत तो ग्वातेमालात पकडला गेला. जागा कळायला फाइल कोणाजवळ राहावी लागत नाही. दोन आकडे टिपून घेतले की काम झालं.

म्हणूनच ताईंना मी सांगितलं, की फोटो हटवण्याचं काम चालू राहील, पण पत्ता फुटला असं धरूनच तुम्ही निर्णय घ्या. त्यांनी घेतला. राहणाऱ्या बायकांपैकी एकीचा नवरा शहरातल्या कार्यालयात येऊन धमकावून गेला होता. संस्थेचं नाव त्याला माहीत होतं, म्हणजे वेबसाइटही त्याच्या हाताशी होती. त्याच संध्याकाळी तिला आणि तिच्या मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत हलवलं. मुलीची शाळा नुकती लागली होती, ती पुन्हा सुटली. मला त्या दिवसाचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं.

रात्री मी अख्खं `uploads` तपासायला घेतलं. ज्या फाइलमध्ये जागा आहे तिचं नाव छापायचं:

```
exiftool -r -if '$gpslatitude' -p '$directory/$filename' uploads
```

यादी 2019 पर्यंत मागे गेली. कार्यकर्ते बदलले, मोबाइल बदलले, टाचणी तीच.

यादीबाहेरचा एक फोटोही मी सहज उघडून पाहिला. तो डीएसएलआरवर काढलेला. जीपीएस नव्हतं, पण कॅमेऱ्याचा सिरियल नंबर होता आणि मालक म्हणून फोटोग्राफरचं पूर्ण नाव. फोटोत एका बाईचा चेहरा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये धूसर केला होता. त्या सॉफ्टवेअरने चित्र बदललं, पण फाइलच्या पोटातलं छोटं पूर्वदर्शन तसंच ठेवलं होतं. ते वेगळं काढलं:

```
exiftool -b -ThumbnailImage sabha.jpg > thumb.jpg
```

160 बाय 120 पिक्सेलचं चित्र, आणि त्यात तिचा उघडा चेहरा. लहान होता, पण ओळखीच्या माणसाने ओळखला असता. मी खुर्चीतून उठलेच.

फाइल स्वच्छ करायची आज्ञा सोपी आहे, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. सगळंच पुसलं तर फोटो कुठल्या बाजूने उभा आहे ही नोंदही जाते आणि मोबाइलवर उभे काढलेले फोटो आडवे पडतात. म्हणून ती नोंद आणि रंगांची माहिती परत घालायची:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -orientation -icc_profile rakhi-03.jpg
```

दुसरं जास्त धोक्याचं. एक्झिफटूल मूळ फाइल `rakhi-03.jpg_original` अशा नावाने बाजूला ठेवतो. स्वतःच्या संगणकावर ही चांगली सवय आहे. वेबसाइटच्या फोल्डरमध्ये हे केलं तर पत्ता असलेली फाइल नव्या नावाने पुन्हा लोकांपुढे येते. तिथे `-overwrite_original` जोडायचंच. आणि काम झालं की वरची यादीची आज्ञा पुन्हा चालवून यादी रिकामी आली का ते पाहायचं, चेहऱ्यांच्या फोटोंचं पूर्वदर्शन गेलं का तेही पाहायचं.

आता फोटो आधी माझ्याकडे येतात आणि साफ होऊनच वर चढतात. कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलंय. ज्यांना स्वतःच्या फोटोंसाठी ते हवं असतं, ते निवारागृहात शिरताना बंद करतात. माझ्याकडे फोटो यायच्या आधी ती मुलगी विंडोजमध्ये फाइलवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'डिटेल्स'मधून वैयक्तिक माहिती काढते; जागा, मॉडेल, नाव अशी नेहमीची माहिती त्याने निघते. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी किंवा मागचा डोंगर यावर मात्र कुठल्याच आज्ञेचा इलाज नाही, ते ती आणि ताई डोळ्यांनीच पाहतात.

जुने फोटो साफ करून झाले. वेबॅक मशीनवरचं पानही काही दिवसांनी गेलं. पण 2019 पासून उतरवलेल्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आहेत, आणि इमारत तिथेच आहे. जागा बदलायची का, हा विषय ताईंनी विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ठेवला आहे.