कॉल फ्रीझ झाला आणि नेमका 'नाही' गेला

आमच्या टीममधल्या सीनियर मॅडम सुट्टीवर जाणार होत्या, त्यांचं सर्व्हरचं काम मी बघणार होते, म्हणून व्हिडिओ कॉलवर हँडओव्हर चालू होता. त्या सांगत होत्या, "आधी रात्रीचा जॉब थांबव, मग तो जुना फोल्डर डिलीट..." आणि चेहरा तिथेच थिजला. सात-आठ सेकंदांनी आवाज आला तो "...आणि मग जॉब परत चालू कर".

आधी मी अशा वेळी सरळ म्हणायचे, मॅडम परत सांगा ना सगळं. पण दुसऱ्यांदा सांगताना माणूस थोडक्यात सांगतो, पहिल्यांदा सांगितलेली एखादी बारीक गोष्ट गळते आणि आपल्याला ते कळतही नाही. म्हणून आता फ्रीझ झालं की शेवटचा ऐकलेला शब्द लगेच लिहून ठेवते, आणि आवाज आला की पहिला ऐकू आलेला शब्दही. म्हणजे मधली फट नेमकी किती ते सांगता येतं.

नेट कोणाचं गेलं तेही बघते. स्वतःची चौकट हलतेय यावर जाऊ नका, तो आपल्याच कॅमेऱ्याचा व्हिडिओ असतो, नेट नसलं तरी हलतो. तिसरा एक सहकारी कॉलवर होता, तो नीट दिसत होता, फक्त मॅडम थांबल्या होत्या, म्हणजे अडचण बहुतेक त्यांच्याकडे. आणि त्यांना याचा पत्ताच नव्हता, त्या बोलतच होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट. 'जुना फोल्डर डिलीट' इथपर्यंत ऐकलं, नंतर थेट 'मग जॉब परत चालू कर'. मधलं तेवढं राहिलं, फोल्डरचं काय करायचं?"

त्या म्हणाल्या, "अगं डिलीट करायचा नाही! त्याचं नाव बदलून सात दिवस ठेवायचा."

मला खरंच धस्स झालं. मराठीत क्रियापद आणि 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे मध्येच तुटलं की उलटाच अर्थ हातात राहतो, आणि तो अर्थ पूर्ण वाटतो हे जास्त वाईट. म्हणूनच "डिलीट करायचा ना?" असं विचारायचं मी टाळते, तुटक आवाजात समोरचा "हं" म्हणतो आणि आपण ते हो धरतो. काय करायचं असंच विचारायचं.

मग ऐकलेलं परत म्हणून दाखवलं, "नाव बदलायचं, डिलीट नाही, सात दिवस, सतरा नाही ना?" त्या म्हणाल्या सातच. मग दोघींनी कॅमेरे बंद केले, व्हिडिओला आवाजापेक्षा खूप जास्त नेट लागतं ना, पुढचं सगळं नीट ऐकू आलं. फोल्डरची ओळ तेवढी त्यांच्याकडून चॅटमध्ये लिहून घेतली.

फ्रीझ मिनिटभर चाललं किंवा शेवटचा शब्दच आठवत नसेल तर मात्र हे जमत नाही, तेव्हा ती अख्खी पायरी परत विचारते, पण तेवढी एकच.