छकुलीच्या झोपेसाठी लिहिलेले पत्र

गुरुवार, रात्री साडेदहा

शनिवारी सकाळी आम्ही साताऱ्याला निघणार आहोत. रविवारी घरी सत्यनारायण आहे, आत्या आणि काकू आपापल्या कुटुंबांसह येणार आहेत, आणि सगळ्यांना छकुलीला भेटायचे आहे. ती आता आठ महिन्यांची झाली आहे. दिवाळीत सगळ्यांनी तिला पाहिले तेव्हा ती साडेपाच महिन्यांची होती, आणि ते दोन दिवस आठवले की अजूनही माझा जीव घाबरा होतो. म्हणून या वेळी निघण्यापूर्वी सगळ्यांना एक पत्र लिहायचे मी ठरवले. समोरासमोर सांगायला गेले असते तर एक तर रडू आले असते, नाही तर तोंडून काही कडू शब्द गेला असता.

पहिला मसुदा मी मंगळवारी लिहिला आणि फाडून टाकला. त्यात दिवाळीचा सगळा हिशेब होता: कोणी ट्यूबलाइट लावली, कोणी तिला झोपेतून उचलून मांडीवर घेतले, वगैरे. वाचताना लक्षात आले की त्यात रागच अधिक आहे आणि काय करायचे ते कुठेच सांगितलेले नाही. ज्या माणसांनी तिच्यासाठी डिंकाचे लाडू आणि दुपटी पाठवली, त्यांना दोष देऊन माझ्या मुलीला झोप मिळणार नव्हती. त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक व्हावी, एवढेच मला हवे होते.

दिवाळीत काय झाले ते मात्र इथे लिहून ठेवते, कारण पत्रातले प्रत्येक वाक्य त्यातून आले आहे. तेव्हा ती साधारण दोन तास जागी राहिली की झोपेला येत असे. साताऱ्याला जाताना गाडीत ती जेमतेम पंचवीस मिनिटे झोपली, खंबाटकी घाटातल्या वळणांवर जागी झाली आणि साडेअकराला घरी पोहोचताच सगळ्यांच्या हातांतून फिरू लागली. एक वाजता तिने डोळे चोळले, कान ओढला, भुवयांच्या वरची कातडी लालसर झाली. ही तिची झोपेची खूण आहे हे मला कळत होते, पण ताटे मांडलेली होती. अडीचला मी तिला आत नेऊन झोपवले, तर पस्तीस मिनिटांत कोणीतरी दार उघडून डोकावले आणि ती उठली. पाच वाजता ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहून खिदळत होती, हातपाय झाडत होती, आणि सगळे म्हणाले, "बघ, किती ताजीतवानी आहे, उगाच काळजी करतेस." साडेसहाला रडणे सुरू झाले ते आठपर्यंत थांबले नाही. दूध तोंडात घेऊन सोडून देत होती आणि अंग मागे ताणून धनुष्यासारखी होत होती. नऊला झोपली, पावणेदहाला उठली, मग सव्वाअकरा, एक, अडीच, चार, आणि सव्वापाचला कायमची.

ते खिदळणे ताजेपणाचे नव्हते, हे समजायला मला पुढचा महिना लागला. फार वेळ जागे राहिलेले मूल मलूल होते असा आपला समज असतो, पण पुष्कळदा ते उलट चेकाळते, जास्त हसते, जास्त हालचाल करते, आणि मग अचानक कोसळते. एकदा ते तिथपर्यंत गेले की झोपवणे अवघड होते आणि लागलेली झोपही तुटत राहते. म्हणूनच "दुपारी जागवा, म्हणजे रात्री गाढ झोपेल" हा सल्ला मोठ्या माणसाला लागू पडत असेल, या वयाच्या बाळाला पडत नाही. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला दिवस-रात्र मिळून बारा ते सोळा तास झोप लागते, आणि ती एकट्या रात्रीत भरून निघत नाही.

आज संध्याकाळी दुसरा मसुदा पूर्ण झाला. तो असा:

"ती. आई-बाबा, आत्या, काकू आणि ताई यांना सा. न. वि. वि.

आम्ही शनिवारी साडेअकराच्या सुमारास पोहोचू. छकुलीची सकाळची झोप गाडीत व्हावी म्हणून मुद्दाम पावणेनऊला निघत आहोत. ती आता दिवसातून तीनदा झोपते. सकाळी नऊला तासभर, दुपारी पाऊणला साधारण दीड तास आणि संध्याकाळी पाचला अर्धा तास. रात्री आठला ती झोपलेली असते. या वेळा पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे झाल्या तर चालते, मात्र तासाने पुढे गेल्या तर तिला फार त्रास होतो. तिच्या जागेपणी ती तुमचीच आहे. तिला घ्या, खेळवा, अंगणात न्या, मऊ भात भरवा, मी मध्ये पडणार नाही.

दुपारच्या झोपेसाठी मला तुमची मदत हवी आहे. माजघराच्या आतली खोली अंधारी ठेवता आली, तर पंखा लावून मी तिला तिथे सतरंजीवर घातलेल्या गादीवर पाठीवर झोपवीन. घरात बोलणे, भांडी, टीव्ही यांचा सततचा आवाज असला तरी तिला त्याचा त्रास होत नाही, त्यामुळे कोणी कुजबुजत राहू नये. तिला उठवतो तो अचानक येणारा आवाज. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, मोठ्याने हाक. म्हणून कुकर साडेबाराच्या आत उतरला तर बरे होईल.

आणखी एक विनंती मनापासून करते. झोपल्यानंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी ती हालते, कण्हते, कधी डोळेही उघडते. तेव्हा ती उठली असे समजून कृपया आत जाऊ नका. तिच्या झोपेचा एक टप्पा संपून दुसरा सुरू होण्याची ती वेळ असते. पाच मिनिटे कोणी काही केले नाही तर बहुतेक वेळा ती आपली आपण पुन्हा झोपते. खरी उठली असेल तर रडणे वाढत जाईल, आणि मी तिथेच दाराशी बसलेली असेन.

पाळणा किंवा झोळी बांधू नये अशी विनंती आहे, कारण आता ती पालथी पडते आणि कडेला धरून उठू पाहते. झोप यावी म्हणून जायफळ उगाळून देऊ नये. जायफळाची मात्रा थोडी जरी चुकली तरी बाळाला त्रास होऊ शकतो. दृष्ट मात्र आत्यांनी जरूर काढावी, फक्त जागेपणी.

रविवारची पूजा सव्वादहाला सुरू होऊन आरती सव्वाबारापर्यंत झाली, तर छकुलीला तीर्थप्रसाद घेऊन वेळेवर झोपता येईल. हे शक्य नसेल तर मी तिला घेऊन आत जाईन, त्याचा कोणी राग मानू नये. जेवणाची पहिली पंगत खुशाल बसावी. मी तिला झोपवून दुसऱ्या पंगतीला बसेन.

आपली,
छकुलीची आई"

पत्रातला पंचेचाळीस मिनिटांचा परिच्छेद मी चार वेळा लिहिला, कारण सगळ्यात जास्त समजून घ्यायची गोष्ट तीच आहे आणि पाहिल्याशिवाय ती पटत नाही. मीच कित्येक आठवडे चुकत होते. मागच्या बुधवारी दुपारी मी घड्याळ घेऊन तिच्या शेजारी बसले होते. त्रेचाळीसाव्या मिनिटाला तिने मान उजवीकडून डावीकडे वळवली, मूठ तोंडाशी नेली, पापण्यांच्या फटीतून डोळ्यांचा पांढरा भाग दिसला आणि घशातून शेळीच्या करडासारखा एक बारीक आवाज आला. माझे हात आपोआप पुढे गेले होते. ते मागे घेतले. ती अंगठ्याच्या कडेला ओठ लावून तीन-चारदा चोखल्यासारखे करत राहिली, मग मूठ हळूहळू उघडत गेली आणि बोटे दुपट्यावर पसरली. पुढे ती आणखी पन्नास मिनिटे झोपली. दिवाळीत याच क्षणी "उठली गं, उठली!" असे म्हणत प्रेमाने कोणी ना कोणी आत येत असे, आणि दिवा लागला की झोप संपत असे.

आई एकदा म्हणाल्या होत्या की आमची पोरे अंगाखांद्यावर झोपली आणि वाढली, त्यांना कुठली खोली आणि कुठला अंधार. मी त्यावर विचार केला आहे, कारण तीन मुले वाढवलेल्या बाईचे बोलणे टाकून देण्यासारखे नसते. त्यांची मुले रोजच्याच घरात, रोजच्याच माणसांत झोपत होती, आणि एखादी काकू झोळीला दोरी बांधून पायाने हलवत तासभर बसलेली असे. तो राखणदारीचा तास होताच, फक्त त्याला वेळापत्रक असे कोणी म्हणत नव्हते. छकुलीसाठी साताऱ्याचे घर नवे आहे, वास नवा आहे, आणि पंधरा चेहरे एकदम समोर येणार आहेत. नव्या जागेत तिला झोपायला दहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटे लागतात, हे मी गृहीत धरले आहे.

सगळे ठरल्याप्रमाणे होईल असे मी मानत नाही. शिरवळजवळ वाहने तुंबली आणि गाडीतली झोप अर्धवट राहिली, तर दुपारची झोप मी पाऊणऐवजी बाराला घेईन आणि साडेअकराला पोहोचल्या पोहोचल्या थेट आत जाईन. शनिवारी दुपारची झोप बिघडलीच, तर संध्याकाळची झोप कडेवर, झोळणीत बांधून का होईना, होऊ देईन, कारण त्या अर्ध्या तासाला जागेचे महत्त्व कमी असते. शिवाय रात्री आठऐवजी सातला तिला निजवीन. एवढे सांभाळले तर एका बिघडलेल्या दुपारची रात्र होत नाही. रविवारी मात्र सकाळच्या झोपेला मी कोणाला हात लावू देणार नाही, कारण दिवसाची पहिली झोप नीट झाली तर पुढचे बरेच सावरता येते.

पत्र हाताने लिहून त्याचा फोटो नवऱ्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. आधी मी आईंना फोन करून पत्र येत असल्याचे सांगितले होते, त्यांना ते सगळ्यांबरोबर वाचायला लागू नये म्हणून. नऊ वाजता त्यांचा फोन आला. गुरुजींशी बोलून पूजा दहाला धरली आहे आणि शिरा आदल्या रात्री भाजून ठेवलेल्या रव्याचा करणार आहेत, म्हणजे सकाळी घाई होणार नाही. आतल्या खोलीच्या खिडकीला पडदा नाही, तिथे दुहेरी सोलापुरी चादर खिळ्यांना अडकवली तर पुरेसा अंधार होईल का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, होईल. मग त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या पाच मिनिटांत मी तुझ्याजवळ दाराशी बसले तर चालेल का? मला बघायचे आहे."

मी हो म्हटले. आत्यांनी अजून पत्र वाचलेले दिसत नाही. उद्या तिची पिशवी भरायची आहे: दोन दुपटी, रोजच्या अंथरुणातली न धुतलेली चादर, म्हणजे वास घरचा राहील, आणि दारावर लावायला सुतळी बांधलेला पुठ्ठा.