विटांचे थर मोजून चढलेला रॅम्प

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या नूतनीकरणासाठी प्रवेशद्वाराचे रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेले छायाचित्रासारखे चित्र, तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. इमारत जुनी, तळमजल्याची, उघड्या वीटकामाची. जोते जमिनीपासून ६०० मिलिमीटर उंच. समोर मधोमध १,८०० मिलिमीटर खोलीचा पोर्च आणि त्याला लागून १५० मिलिमीटर उंचीच्या चार पायऱ्या. पायऱ्यांच्या डावीकडे रॅम्प दाखवायचा होता, आणि देणगीदारांसमोर ठेवण्यासाठी एक आकर्षक चित्र हवे होते. पोर्चच्या डावीकडे इमारतीची सुमारे सात मीटर लांबीची भिंत होती आणि इमारतीपासून कुंपणापर्यंत सहा मीटर मोकळी जागा होती.

पहिले रेंडर मी दोन दिवसांत दिले. त्यात रॅम्प पोर्चपासून सरळ फाटकाच्या दिशेने उतरत होता. पोर्च वजा जाता ४.२ मीटर उरत होते. त्यांत ये-जा करण्यासाठी १.२ मीटर सोडून मी रॅम्पला तीन मीटर लांबी दिली. चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचे रेलिंग, कडेला कुंड्या आणि संध्याकाळचा उजेड यांमुळे चित्र देखणे झाले होते. कार्यकारिणीच्या सभेत ते सर्वांना आवडले. सभासदांमध्ये एक निवृत्त शिक्षिका होत्या, ज्या गेली अनेक वर्षे चाकांची खुर्ची वापरतात. त्यांनी चित्र जवळ घेऊन पाहिले आणि विचारले, “याची लांबी किती धरली आहे तुम्ही?” मी तीन मीटर म्हणून सांगितले. “मग हा चढण्यासाठी नाही, घसरण्यासाठी आहे,” बाई म्हणाल्या.

हिशोब साधा होता आणि तो मी केलेलाच नव्हता. ६०० मिलिमीटर उंची तीन मीटरांत चढायची म्हणजे उतार १:५, कोनात सांगायचे तर सव्वाअकरा अंशांहून थोडा अधिक. उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, हा नियम वास्तुरचनेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत असतो. त्यानुसार ६०० मिलिमीटरला ७,२०० मिलिमीटर लांबीचा उतार लागतो, आणि त्यात सपाट जागांची लांबी धरलेली नसते. मी मात्र रॅम्पला पायऱ्यांच्या शेजारची एक शोभेची वस्तू समजून उरलेल्या जागेत कोंबले होते. रेंडरमध्ये अशी चूक खपून जाते, कारण समोरून, फाटकाकडून पाहिलेला उतार दृष्टिरेषेत आखडतो आणि १:५ काय किंवा १:१२ काय, दोन्ही सारखेच निरुपद्रवी दिसतात.

दुसऱ्या प्रयत्नात मी आधी कागदावर आराखडा बसवला. सरळ पुढे ७,२०० मिलिमीटर मावत नव्हते, आणि भिंतीला समांतर एकाच ओळीत काढले तरी सात मीटरांत ते बसत नव्हते. त्यामुळे रॅम्प दुमडावा लागला: ३,६०० मिलिमीटरच्या दोन धावा, प्रत्येक धाव ३०० मिलिमीटर चढणारी, आणि मध्ये वळण्यासाठी सपाट लँडिंग. प्रत्येक धावेची एकूण रुंदी १,८०० धरली, म्हणजे दोन्ही बाजूंचे कट्टे आणि रेलिंग वजा जाता मध्ये १,५०० मोकळे राहतात. भिंतीलगतची वरची धाव पोर्चच्या खोलीएवढीच रुंद झाली, हा योगायोग सुखाचा होता.

एक अडचण मात्र आराखड्यातही लगेच दिसली नाही. खालची धाव पोर्चच्या कडेलाच सुरू केली तर तिचे तोंड थेट पायऱ्यांच्या बाजूवर येत होते. खुर्ची रॅम्पवरून उतरून पायऱ्यांच्या दगडावर आदळली असती. म्हणून दोन्ही धावा पोर्चपासून १,५०० मिलिमीटर डावीकडे सरकवल्या. त्या सरकवण्यामुळे वर पोर्चला जोडणारी १,५०० लांबीची सपाट जागा मिळाली आणि तिच्या समोर, जमिनीवर, खुर्ची वळवण्याइतकी मोकळी जागा मिळाली. १,५०० सपाट, ३,६०० उतार आणि १,८०० वळणाचे लँडिंग अशी ६,९०० मिलिमीटरची बेरीज सात मीटरांत जेमतेम बसली.

मॉडेल स्केचअप या त्रिमितीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करताना मी पुन्हा घाई केली. उताराचा पृष्ठभाग सपाट काढून तो पाच अंशांनी फिरवला, कारण १:१२ म्हणजे “साधारण पाच अंश” असे डोक्यात होते. प्रत्यक्षात तो कोन ४.७६ अंशांचा असतो. पाच अंशांनी ३,६०० मिलिमीटरची धाव ३०० ऐवजी सुमारे ३१४ मिलिमीटर चढते, आणि लँडिंगच्या कडेशी १४ मिलिमीटरचा ओठ तयार होतो. फरशीच्या पोताखाली तो मला दिसला नाही. सावली टाकल्यावर लँडिंगच्या रेषेवर एक बारीक काळी पट्टी उमटली, तेव्हा लक्षात आले. खुर्चीची पुढची छोटी चाके नेमकी अशा ओठाला अडतात. त्यानंतर कोन हा शब्दच मी या कामातून काढून टाकला. बाजूने ३,६०० लांब आणि ३०० उंच असा काटकोन त्रिकोण काढायचा आणि तो रुंदीत खेचायचा, एवढेच केले. दोन टोके जिथे असायला हवीत तिथेच असली, की मधला उतार आपोआप बरोबर येतो.

रेलिंगच्या बाबतीत पहिल्या चित्रातील चूक अधिक विचित्र होती. मी जिन्यासाठी ठेवलेले तयार रेलिंग उचलून उताराच्या कोनात फिरवले होते, त्यामुळे सगळे खांब ओळंब्यात उभे राहण्याऐवजी उताराला काटकोनात, मागे रेलून उभे होते. पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण चित्र खेळण्यासारखे दिसते. खांब उभेच राहिले पाहिजेत आणि फक्त दांडा उताराला समांतर गेला पाहिजे. हे साधण्याचा मार्ग १:१२ या प्रमाणातच आहे: खांबांमधील अंतर १,२०० मिलिमीटर ठेवले, तर पुढचा प्रत्येक खांब बरोबर १०० मिलिमीटर वर जातो. पहिला खांब नीट बसवून त्याची प्रत सरकवताना मी पुढील दोन ओळी एकामागून एक टंकित केल्या.

```
<1200,0,100>
3x
```

पहिली ओळ प्रत १,२०० पुढे आणि १०० वर नेते, दुसरी तशा एकूण तीन प्रती करते; एका धावेचे चारही खांब जागेवर आले. त्यावर ४० मिलिमीटर व्यासाचे दोन दांडे घेतले, वरचा ९०० आणि खालचा ७६० मिलिमीटर उंचीवर, आणि ही उंची उताराच्या पृष्ठभागापासून सरळ उभी मोजली. उताराच्या दोन्ही टोकांना दांडा तिथेच न तोडता ३०० मिलिमीटर आडवा पुढे नेला, कारण उतार संपल्यावर तोल सावरेपर्यंत हाताला आधार लागतो. वळणाच्या आतल्या बाजूला तो न तुटता वळवून वरच्या धावेत नेला. मोकळी टोके खाली वाकवली, नाहीतर त्यांत बाही अडकते. भिंतीच्या बाजूचा दांडा भिंतीपासून ५० मिलिमीटर दूर ठेवला. चित्रात हे अंतर केसाएवढे दिसते, पण दांडा भिंतीला चिकटवला तर हात तिथे जाणारच नाही, हे ती दाटलेली सावली पाहून कोणालाही कळते.

आता उरला प्रश्न खात्रीचा. उतार खरोखर सौम्य आहे हे चित्र पाहणाऱ्याला कसे पटावे? इथे जुन्या वीटकामाने मदत केली. नव्या रॅम्पची बाहेरची भिंतही विटांची दाखवायची होती. ९० मिलिमीटर उंचीची मॉड्युलर वीट आणि १० मिलिमीटरचा सांधा मिळून एक थर १०० मिलिमीटरचा होतो. म्हणजे १,२०० मिलिमीटरवरच्या प्रत्येक खांबामागे रॅम्प विटेचा एक थर चढतो. विटांचा पोत मी अंदाजाने न लावता थराची उंची १०० मिलिमीटर येईल असा मापाने बसवला आणि पहिला थर जमिनीच्या रेषेशी जुळवला. मग आडव्या सांध्यांच्या पार्श्वभूमीवर उतार मोजपट्टीसारखा वाचता येऊ लागला: लँडिंगपाशी तीन थर, पोर्चपाशी सहा.

ही मोजपट्टी दिसावी म्हणून कॅमेरा फाटकातून हलवून रॅम्पच्या लांबीला समोरासमोर ठेवावा लागला. आधीच्या चित्रात मी फार रुंद कोनाची लेन्स वापरली होती; तिने कडेची लांबी ताणली जाते आणि कडेला आलेला उतार आहे त्याहून लांब, आरामशीर भासतो. या वेळी ३५ मिलिमीटरची लेन्स घेतली आणि कॅमेरा रस्त्यावर नेला. कुंपणाची भिंत आड येत होती, म्हणून ती नुसत्या रेषेत दाखवली. नजरेची उंची बसलेल्या माणसाची, १,१५० मिलिमीटर ठेवली आणि उभ्या रेषा उभ्याच राहतील अशी दृश्यरचना केली, कारण खांबच तिरके दिसले तर उतार कशाच्या तुलनेत पाहायचा?

चित्रातील खुर्ची हा वेगळाच त्रास होता. सपाट जमिनीवर काढलेल्या छायाचित्रातून कापलेली आकृती उतारावर ठेवली, तर मागचे चाक जमिनीत बुडते किंवा पुढचे हवेत राहते. शेवटी त्रिमितीय मॉडेल घेऊन ते उताराएवढेच कलते केले आणि हात रेलिंगवर न ठेवता चाकांच्या कड्यांवर ठेवले. स्वतः खुर्ची चालवणारा माणूस चढताना तिथेच जोर लावतो. ग्रॅनाइटची चकाकी काढून खरखरीत, आडव्या रेघांचे काँक्रीट दाखवले. पोर्चमधील दार बाहेर उघडत होते आणि खुर्ची थांबण्याची जागा खात होते, म्हणून ते आत उघडणारे केले.

दुसऱ्या सभेत बाईंनी चित्र हातात घेतल्यावर मी विटांबद्दल सांगितले. त्यांनी बोट ठेवून थर मोजले, “तीन, आणि इथे सहा,” आणि मान हलवली. मग वळणाच्या लँडिंगवर बोट थांबले. तिथे, कोपरा रिकामा दिसतो म्हणून, मी मोगऱ्याची एक कुंडी ठेवली होती.

“खुर्ची कुठे वळवायची मी, कुंडीभोवती?”

कुंडी मी पायऱ्यांच्या उजवीकडे हलवली. अंतिम चित्राबरोबर रॅम्पचे बाजूने घेतलेले, ३,६०० आणि ३०० ही मापे लिहिलेले रेखाचित्रही जोडून दिले, कारण गवंडी रेंडर पाहून काम करत नाही.