आबांच्या पासबुकातली ६ सप्टेंबर

आबांनी पासबुक टेबलावर उघडं ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. ६ सप्टेंबर २०२४, जमा ३,९९,४२०. "ताई, रिफंड आला खरा. पण व्याज एवढंच कसं? दोन वर्षं होत आली, पैसा सरकारकडं हुता."

मी सांगली जिल्ह्यात वीस वर्षं कर सल्लागाराचं काम करते. व्याज कमी मिळाल्याची तक्रार घेऊन येणारे बरेच असतात आणि त्यातल्या पुष्कळांचा हिशेब चुकलेला असतो. आबांचाही थोडा चुकलेला होता, पण मूळ तक्रार खरी होती.

महामार्गासाठी त्यांची शेतजमीन गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ३८,४०,६०० रुपये मोबदला मिळाला आणि देताना त्यातून दहा टक्के टीडीएस कापला, ३,८४,०६० रुपये. शेतजमिनीच्या मोबदल्यावर हा टीडीएस लागूच होत नाही, पण कागदावर जमिनीचा प्रकार चुकीचा पडला होता. आबांचं बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतलं, त्यामुळे कर शून्य आणि कापलेली सगळी रक्कम परत मिळायची. २४ जुलै २०२३ ला मी रिटर्न भरलं आणि त्याच दिवशी आधार ओटीपीने पडताळणीही करून टाकली. पडताळणीचा उशीर झाला तर रिटर्नची तारीखच पुढे जाते आणि व्याजावर पाणी सोडावं लागतं, म्हणून हे काम मी कधीच उद्यावर टाकत नाही.

आबांनी व्याज ऑक्टोबर २०२२ पासून धरलं होतं, तेही बँकेच्या ठेवीच्या दराने, चक्रवाढ. कायदा तसं देत नाही. आबांच्या रिफंडला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २४४अ प्रमाणे टीडीएसच्या रिफंडवर दरमहा अर्धा टक्का सरळव्याज मिळतं. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर ते करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या, १ एप्रिलपासून, उशिरा भरलं असेल तर भरल्या तारखेपासून. महिन्याचा एखादा दिवस जरी आला तरी तो महिना पूर्ण धरतात आणि रकमेतले शंभराच्या खालचे रुपये सोडतात. रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर हे व्याजच मिळत नाही. आबांचा करच शून्य, त्यामुळे ती अडचण नव्हती. म्हणजे ३,८४,००० वर महिन्याला १,९२० रुपये.

मग मी रिटर्न तपासून खातं पाठवतं ती कलम १४३(१) ची सूचना काढली. तारीख १४ नोव्हेंबर २०२३, व्याज १५,३६०. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने, आकडा बिनचूक. पण पैसे त्या नोव्हेंबरात आलेच नव्हते. २०११-१२ या करनिर्धारण वर्षाची ४,१२,६०० रुपयांची जुनी मागणी आबांच्या नावावर दिसत होती. त्यांच्या पूर्वीच्या खत दुकानाची होती आणि अपिलात केव्हाच रद्द झाली होती. रेकॉर्डमधून तेवढी निघायची राहिली होती. कलम २४५ खाली रिफंड तिच्यात वळता करण्याची नोटीस आली, मी मुदतीत असहमती नोंदवून अपिलाचा आदेश जोडला. ती मागणी निघायला पुढचं वर्ष उजाडलं आणि रिफंड सुटला तो सप्टेंबरात. सुटताना मात्र नोव्हेंबरच्या सूचनेतलाच आकडा जसाच्या तसा आला.

कलमात व्याज "रिफंड दिला त्या तारखेपर्यंत" आहे, सूचना काढली त्या तारखेपर्यंत नाही. एप्रिल २०२३ ते सप्टेंबर २०२४ अठरा महिने, व्याज ३४,५६०. मिळालं १५,३६०. बाकी १९,२००.

अशा वेळी सगळ्यांची चूक होते ती दार निवडताना, आणि आधी माझीही झाली. पोर्टलवर `Services`, मग `Rectification` मध्ये जाऊन `Reprocess the return` निवडलं. पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं, बदल नाही. यायचंच होतं, कारण सूचना तिच्या तारखेपुरती बरोबरच होती. यंत्राने तोच हिशेब पुन्हा केला. मग `Grievances` मधून तक्रार टाकली, तर "रिफंड अदा झाला आहे" एवढं लिहून ती बंद झाली. खोट नंतरच्या दहा महिन्यांत होती आणि ती माणसाने कागद पाहिल्याशिवाय दिसणार नव्हती.

म्हणून डिसेंबरात आबांच्या करनिर्धारण अधिकाऱ्यांकडे कलम १५४ खाली चूक दुरुस्तीचा लेखी अर्ज केला. आपला अधिकारी कोणता हे पोर्टलवर `Know Your AO` मध्ये कळतं. अर्ज एका पानाचा ठेवला. त्यात रिटर्न पडताळणीची, सूचनेची आणि खात्यात जमा झाल्याची अशा तीन तारखा, त्याखाली महिन्यांचा हिशेब आणि शेवटी १९,२०० चा आकडा. सोबत सूचना, पासबुकाचं पान, पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणातली, म्हणजे एआयएसमधली रिफंडची नोंद, आणि असहमती मुदतीत दिल्याची पोच. आवक शिक्का मारून घेतला, कारण अर्ज आलेल्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन कायद्यात आहे आणि ते त्या शिक्क्यावरून मोजतात. अर्जाची आपली मुदत तशी मोठी असते. मूळ आदेश ज्या आर्थिक वर्षातला, ते संपल्यापासून चार वर्षं, म्हणजे आबांना ३१ मार्च २०२८ पर्यंत.

फेब्रुवारीत बोलावणं आलं. आबा धोतर-टोपीत, पिशवीत पासबुक घेऊन माझ्या आधी पोचलेले. साहेबांनी सूचना पाहिली. "व्याज दिलंय की."

"नोव्हेंबरपर्यंतचं दिलंय साहेब, पैसे सप्टेंबरात दिलेत," मी म्हटलं आणि पासबुक पुढं सरकवलं.

त्यांनी पेन्सिलीने महिन्यांच्या रेघा मारल्या. दहा रेघा झाल्यावर थांबले. "पण उशीर तुमच्या मागणीमुळं झाला ना? करदात्यामुळं झालेला उशीर वगळता येतो." प्रश्न रास्त होता, मी त्याचीच तयारी करून गेले होते. मागणी अपिलात रद्द झालेली होती, ती रेकॉर्डमधून काढणं आबांच्या हातात नव्हतं, आणि त्यांचं उत्तर मुदतीत गेल्याची पोच समोर होती. शिवाय उशीर करदात्यामुळे झाला की नाही, असा वाद आला तर तो वरच्या पातळीवर, मुख्य आयुक्त किंवा आयुक्तांनी ठरवायचा असतो. कमी व्याज आपल्या टेबलावर ठरवून टाकता येत नाही. साहेबांनी पोच दोनदा वाचली, अपिलाच्या आदेशाशी ताडून पाहिली आणि फाईलवर शेरा लिहिला.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "आन् ह्या राहिलेल्या व्याजाला उशीर झाला, त्याचं व्याज?" ते मी मागितलंच नव्हतं. कायद्यात सांगितलंय तेवढंच व्याज मिळेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गुजरात फ्लुरो केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. आबांना ते पटलं नाही. मलाही मनापासून पटत नाही, पण अर्जात ती मागणी घातली असती तर सरळ हिशेबाचा अर्ज वादाचा झाला असता आणि हक्काचे १९,२०० अडकले असते.

एप्रिल २०२५ मध्ये ते जमा झाले. आबा पुन्हा पासबुक घेऊन आले. मी त्यांना दोन आकडे कागदावर लिहून दिले: १५,३६० हे २०२४-२५ चं उत्पन्न, १९,२०० हे २०२५-२६ चं. रिफंडची मुद्दल करपात्र नसते, पण तिच्यावरचं व्याज ज्या वर्षी मिळालं त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवावं लागतं. आबांनी तो कागद घडी घालून पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात सरकवला.