पिवळा फोम, फायर डोअर आणि आमचा फॉर्म बी

जळगावात आमची सात मजली सोसायटी आहे आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासणी करून जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. पंप, होज रील, सिलेंडर सगळं पटापट झालं. गाडी अडली ती इलेक्ट्रिक डक्टमध्ये. तिथे एजन्सीवाल्याने माझा जो अंत पाहिला, तो आठवला की अजून डोकं फिरतं.

मीटर रूमपासून गच्चीपर्यंत केबली जातात त्या डक्टला प्रत्येक स्लॅबमध्ये साधारण फूटभर लांब, आठ इंच रुंद भोक आहे. ते उघडं राहिलं तर खाली मीटर पेटल्यावर धूर धुराड्यासारखा थेट सातव्या मजल्यावर पोहोचतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर ते बंद करायचं. राष्ट्रीय इमारत संहिता तिथल्या भरावाकडून 120 मिनिटं आग अडवण्याची अपेक्षा करते. एजन्सीची पोरं आली, दुपारभरात सगळीकडे पिवळा फोम फवारला आणि ‘फायर स्टॉपिंग पूर्ण’ असं बिल हातात दिलं.

बाहेर आलेला फोमचा एक तुकडा कापून मी गच्चीवर नेला आणि काडी लावली. भुरकन पेटला, वर काळाकुट्ट धूर. एजन्सीवाला म्हणतो, “भाऊ, हा फायरचाच फोम आहे, डब्यावर लिहिलंय ना.” लिहिलेलं होतं खरं, पण ते फोम स्वतः किती सहज पेटतो त्याबद्दल. केबलींचा जुडगा जाणाऱ्या भोकात तो आग किती वेळ अडवेल, हा प्रश्नच वेगळा. म्हणूनच एखादा फोम काडीने पेटला नाही तरी तेवढ्यावर त्याला पास करू नका.

मी टेस्ट रिपोर्ट मागितला. आधी आलं रंगीत माहितीपत्रक. पुन्हा मागितला, पुन्हा तेच माहितीपत्रक, फक्त शिक्का मारून. मग खराखुरा रिपोर्ट आला, तर तो भिंत आणि दरवाजाची चौकट यांच्यातल्या बोटभर फटीचा! आमच्या भोकाशी त्याचा काय संबंध? आग किती मिनिटं अडेल याचं रेटिंग नुसत्या मालाला नसतं, पूर्ण मांडणीला असतं: स्लॅब किती जाड, भोक केवढं, आतून काय जातं, माल किती खोल भरला. रिपोर्टातली ही चार वाक्यं आपल्या भोकाशी जुळवून बघा. इंग्रजी वाचता येत असलं की पुरे. “भो, एवढं कोणी बघत नाही,” असंही ऐकून घेतलं. शेवटी मी पैसे अडकवले, तेव्हा कुठे माल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस मोजमाप घ्यायला आला.

मग फोम खरवडून काढला. भोकात रॉकवूलच्या, म्हणजे न जळणाऱ्या दगडी लोकरीच्या, पाट्या घट्ट बसवल्या, त्यावर आगरोधक लेप दिला आणि केबलींमधल्या फटींत उष्णतेने फुगणारं सीलंट भरलं. इंटरनेटवाले कायम नवी वायर टाकतात, म्हणून एका कोपऱ्यात काढता येणाऱ्या फायरच्या उशा ठेवल्या. नुसतं सिमेंट भरू नका, पुढच्या वायरीसाठी कोणीतरी ते छिन्नीने फोडतंच.

शेजारच्या डक्टमध्ये सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप आहे. त्याच्याभोवती कितीही सीलंट लावा, आगीत पाइपच वितळतो आणि पाइपाएवढं भोक शिल्लक राहतं. त्याला स्लॅबच्या खालून फायर कॉलर लागते. ती तापल्यावर आत फुगते आणि मऊ झालेला पाइप चिरडून भोक बुजवते. लोखंडी पाइप वितळत नाही, त्यामुळे तिथे कॉलर नाही लावली, फट भरली.

स्लॅब बंद झाले, पण डक्टला कॉरिडॉरच्या बाजूने दार होतं प्लायवूडचं! म्हणजे आग वर गेली नसती, सरळ कॉरिडॉरमध्ये आली असती. तीही रेटिंगची दारं करून घेतली.

जिन्याच्या फायर डोअरवर एजन्सीने ‘आहे’ एवढंच लिहिलं होतं. मे महिन्यात आमच्याकडे 44 अंश, त्यामुळे वारा यावा म्हणून प्रत्येक मजल्यावर दाराला वीट. मी विटा उचलून दार अर्धं उघडून सोडलं. काही दारं बंद व्हायच्या आधीच थांबली, कारण दार आपोआप लावणारा क्लोजर ढिला. एक चौकटीला टेकलं, पण त्याची लॅच बसली नाही. असं दार आगीच्या दाबाने उघडतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पांनी तर दाराला भोकं पाडून कडी लावली होती. “चोर येतात रे भाऊ,” म्हणे. ते दार प्रमाणपत्रासकट निकामी झालं. त्यांच्याशी वाद अजून चालू आहे.

एक राहिलंच. प्रत्येक भोकाचा भरण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढा, शेजारी मजल्याचा नंबर दिसेल असा. आमच्याकडे आता तिथे स्टिकर आहे: माल कोणता, कोणी भरला, कधी. आणि डक्टची किल्ली वॉचमनकडे नाही, माझ्याकडे असते.