‘गोळा केली जाऊ शकते’

कागदपत्रांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ करून देणाऱ्या एका ॲपची गोपनीयता सूचना सोप्या मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. इंग्रजी मसुद्यातले अकरावे वाक्य मी सकाळी मराठीत उतरवले आणि तिथेच अडले. वाक्य असे झाले होते: ‘सेवा सुधारण्यासाठी तुमचे स्थान, संपर्क आणि उपकरणाविषयीची माहिती गोळा केली जाऊ शकते.’ शब्दाला शब्द बरोबर होता, पण वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नव्हते. मराठीत ‘शकणे’ तीन अर्थांनी येते: तसे करण्याची क्षमता आहे, तशी मुभा आहे, किंवा तसे घडण्याचा संभव आहे. यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा, हे मसुद्यावरून ठरत नव्हते. शिवाय ‘गोळा केली जाऊ शकते’ या रचनेत गोळा करणारा कोण, हेही दडून राहिले होते.

अशा वाक्याला मी आधी कर्ता देऊन पाहते. ‘आम्ही तुमचे संपर्क गोळा करतो’ असे लिहिले की लगेच पुढचे प्रश्न उभे राहतात: केव्हा, कशासाठी, आणि ते कोणाकडे जातात? या प्रश्नांची उत्तरे मी मनाने भरू शकत नव्हते, कारण गोपनीयता सूचना हे कंपनीने दिलेले वचन असते आणि वाक्य सोपे करताना ते वचन कमी किंवा जास्त होऊन चालत नाही. म्हणून मी ॲपची फाइल मागवून घेतली आणि ते कोणकोणत्या परवानग्या मागते, याची यादी काढली.

```
aapt dump permissions scanner.apk
```

यादीतल्या चार नावांपाशी मी थांबले: `CAMERA`, `READ_CONTACTS`, `ACCESS_FINE_LOCATION` आणि `INTERNET`. पहिल्या तिन्ही परवानग्या अँड्रॉइड वापरणाऱ्याला विचारून देते. इंटरनेटची परवानगी मात्र ॲप बसवतानाच न विचारता मिळते, त्यामुळे ‘ही माहिती फोनबाहेर जाऊ दे का?’ असा प्रश्न वापरणाऱ्यापुढे कधीच येत नाही. परवानगीच्या चौकटीवरून ॲप काय घेते एवढेच कळते. घेतलेले कुठे जाते, हे फक्त सूचनेतून कळायचे असते, आणि म्हणूनच अकरावे वाक्य तसेच सोडून देणे मला पटत नव्हते.

स्थानाबद्दल विचारण्यासाठी मी ॲप बनवणाऱ्या गटाच्या प्रमुखांना फोन केला. पीडीएफ करायला अचूक स्थान कशाला लागते, असे विचारल्यावर ते म्हणाले, “मॅडम, ही ओळ आम्ही लिहिलेलीच नाही.” ते खरेच होते. ॲपमध्ये जाहिराती दाखवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या कंपनीचा तयार कोड जोडला होता. परवानग्यांची मागणी जिथे नोंदवलेली असते, ती मॅनिफेस्ट फाइल असा कोड स्वतःची घेऊन येतो, आणि ॲप बांधले जाताना ती मुख्य मॅनिफेस्टमध्ये मिसळली जाते. कोणती ओळ कुठून आली, याचा अहवालही त्या वेळी तयार होतो. त्यांनी तो उघडला, तेव्हा स्थानाची ओळ जाहिरातीच्या कोडमधून आल्याचे दिसले. शिवाय ॲपची पहिली स्क्रीन यादीतल्या सगळ्या परवानग्या एकदम मागत होती, त्यामुळे कोणालाही नको असलेली ही परवानगी प्रत्येकाकडून मागितली जात होती.

यातली खरी अडचण वापरणाऱ्याच्या लक्षात येणे कठीण आहे. परवानगी ॲपला मिळते, आणि ॲपमध्ये जोडलेला सगळा कोड त्याच परवानगीवर चालतो. वापरणारी व्यक्ती आपण स्थान पीडीएफच्या ॲपला दिले असे समजते, पण त्याच वेळी ते जाहिरातीच्या कोडलाही वाचता येते. मसुद्यात त्या कंपनीला ‘भागीदार’ म्हटले होते. मराठीत ‘भागीदार’ म्हटले की धंद्यात वाटा असलेला, ओळखीचा माणूस डोळ्यांपुढे येतो. मी तिथे ‘आमच्या ॲपमध्ये जाहिराती दाखवणारी दुसरी कंपनी’ असे लिहिले. ‘माहिती शेअर करतो’ याऐवजी ‘माहिती देतो’ असे लिहिले, कारण दिलेली माहिती परत घेता येत नाही.

स्थानाची ओळ काढून टाकायचे त्यांनी दुपारीच ठरवले. मुख्य मॅनिफेस्टच्या सुरुवातीच्या `manifest` खुणेत `xmlns:tools="http://schemas.android.com/tools"` असेल, तर त्यासाठी तिथे एवढेच लिहावे लागते:

```
<uses-permission
  android:name="android.permission.ACCESS_FINE_LOCATION"
  tools:node="remove" />
```

परवानगी काढली तरी इंटरनेटवरच्या पत्त्यावरून साधारण शहर ओळखता येते, म्हणून ‘आम्हाला तुमचे स्थान कळत नाही’ असे मी सूचनेत लिहिले नाही. ‘तुमच्या फोनचे अचूक स्थान आम्ही वाचत नाही’ एवढेच लिहिले.

संपर्कांच्या बाबतीत कारण सांगितले गेले, पण ते पुरेसे नव्हते. पीडीएफ पाठवणे सोपे व्हावे म्हणून संपर्क लागतात, असे उत्तर आले. प्रत्यक्षात ‘पाठवा’ दाबल्यावर कोणत्या ॲपमधून पाठवायचे याची फोनची स्वतःची यादी उघडते, आणि ती वापरायला ॲपला संपर्कांची परवानगी लागत नाही. एखादीच व्यक्ती निवडायची असेल, तर फोनचा संपर्क-निवडक ॲपला तेवढीच नोंद देतो. संपर्कांची संपूर्ण यादी दिली, तर आपल्या ओळखीच्या ज्या माणसांनी हे ॲप कधी पाहिलेलेही नाही, त्यांचे क्रमांक आपण त्यांना न विचारता देऊन टाकतो. मी परवानगी नाकारून ॲप चालवून पाहिले, तेव्हा पाठवण्यासकट सगळी कामे झाली. परवानगी गरजेची आहे की नाही, हे पाहण्याची ही सोपी परीक्षा आहे. नंतर गरज पडली तर ती सेटिंगमधून देता येते.

कॅमेऱ्याला मात्र मी सुरुवातीला प्रश्नच केला नव्हता. फोटो काढणाऱ्या ॲपला कॅमेरा लागणारच. पण ओळखपत्रे, दवाखान्याचे अहवाल, करारनामे हे सगळे याच वाटेने ॲपमध्ये शिरते, आणि मसुदा त्याबद्दल ‘सेवा पुरवण्यासाठी मजकुरावर प्रक्रिया केली जाते’ एवढेच सांगत होता. मी फोन विमान-मोडमध्ये टाकून, वायफाय बंद असल्याची खात्री करून, एका साध्या छापील पानाचा फोटो काढला. पीडीएफ झाली. मग फोटोतला मजकूर अक्षरांत काढण्याचे बटण दाबले, तर जोडणी नसल्याची सूचना आली. म्हणजे अक्षरे ओळखण्यासाठी पानाचे चित्र फोनबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर जात होते. या परीक्षेलाही मर्यादा आहे: बटण जोडणीविना चालले असते, तरी चित्र नंतर, जोडणी आल्यावर पाठवले जात नाही हे त्यातून सिद्ध झाले नसते. त्यासाठी कंपनीचे लेखी उत्तरच लागते.

ते उत्तर मी मागितले. चित्र किती दिवस ठेवले जाते, या प्रश्नाला आधी ‘गरज असेल तोपर्यंत’ असे आले. गरज कोणाची, असे मी पुन्हा विचारले. संध्याकाळी सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी पाहून सांगितले की चित्रे 30 दिवस राहतात, आणि त्या मुदतीमागे विशेष कारण नाही, सुरुवातीला ठरलेला आकडा तसाच राहिला आहे. मुदत कमी करण्याचे त्यांनी मान्य केले, पण त्या दिवशी ती 30 दिवसच होती, म्हणून सूचनेत मी तेच लिहिले.

अकराव्या वाक्याच्या जागी आता चार वाक्ये आहेत. त्यांतले शेवटचे असे आहे: ‘तुम्ही “मजकूर काढा” हे बटण दाबता तेव्हा त्या पानाचे चित्र आमच्या सर्व्हरवर येते आणि तिथे 30 दिवस राहते, तुम्ही ते बटण वापरले नाही, तर चित्र तुमच्या फोनमध्येच राहते.’ त्यातला दुसरा भाग कंपनीने लेखी कळवल्यानंतरच मी मजकूर त्यांच्या हवाली केला.