होयाचे जुने दांडे

दुपारी घरी आलेल्या एका स्नेह्यांनी बोलता बोलता खिडकीतल्या होयाच्या वेलाकडे हात नेला, दोन पानांच्या मधून निघालेला बोटाच्या पेराएवढा एक ओबडधोबड दांडा चिमटीत धरला आणि विचारले, “हे वाळलेले काढून टाकू का?” मी गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात “नको” म्हटले. बिचाऱ्यांनी हात असा मागे घेतला की जणू कुंडीला विजेचा धक्काच होता. त्यांना काय सांगणार, की या वेलावर सगळ्यात मोलाचे जे काही आहे ते नेमके त्यांच्या चिमटीत होते!

होयाच्या दांड्याची गंमत अशी की फुले गळून पडली तरी त्याचे काम संपत नाही. ‘होया कार्नोसा’ या घरोघरच्या जातीत एका दांड्याच्या टोकाशी मेणाने घडवल्यासारख्या गुलाबी चांदण्यांचा गुच्छ येतो. ती फुले आपापल्या बारीक देठांसह गळतात आणि मूळ दांडा मात्र वेलावर तसाच उरतो. पुढच्या हंगामात त्याच टोकातून पुन्हा बारीक दाण्यांसारख्या कळ्या फुटतात. प्रत्येक बहरागणिक दांडा थोडासा लांबतो आणि गळलेल्या देठांच्या बारीक खुणा त्याच्यावर दाटीने साठत जातात. म्हणून दांडा जितका जुना, तितका तो दिसायला खरबरीत आणि निरुपयोगी. टापटिपीची आवड असलेल्या माणसाला तो पाहून कात्री आठवली, तर त्यात त्याचा फारसा दोष नाही.

माझी एक मावशी अशीच टापटिपीची होती. दुपारची वामकुक्षी आटोपली की ती कात्री घेऊन झाडांपाशी जाई आणि कोमेजलेले जे दिसेल ते कापत सुटे. लहानपणी मी तिच्या मागे टोपली धरून उभे राहायचे, हे माझे ठरलेले काम होते. गुलाबाला ही शिस्त मानवत असे, कारण सुकलेले फूल काढले की त्याला नवी फूट येते. होयालाही ती तोच न्याय लावी. दांडा कापला की पांढरा चीक ठिबके, कारण होया रुईच्या कुळातला आहे; तो चीक बोटांना लागू नये म्हणून ती मला दूर उभे करी. तिचा होया फुलत नव्हता असे नाही. पण जुने दांडे गेल्यामुळे दरवेळी त्याला नव्या वाढीवर नवे दांडे घडवावे लागत, आणि त्यामुळे बहर वर्षागणिक वर वर सरकत गेला. अखेरीस खालचा सगळा वेल नुसता पानांचा राहिला आणि फुले पार छताजवळ, मान दुखेल अशा उंचीवर लागू लागली. मावशीचे म्हणणे असे की वेलाला उंची आवडते.

आता ज्यांचा होया कधीच फुललेला नाही, त्यांना हे सारे सांगून उपयोग नाही, कारण त्यांच्या वेलावर जपायला दांडाच नसतो. आमच्या शेजारच्या घरातला वेल तसा होता. दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीवर सोडलेल्या दोरीवरून तो झपाट्याने चढला होता आणि येणारा प्रत्येक जण त्याचे कौतुक करी. मला मात्र त्याची पाने संशयास्पद वाटली. ती गर्द हिरवी होती, आणि पानांच्या एका जोडीपासून दुसरीपर्यंत जवळजवळ वीतभर नुसते खोड होते. भरभराट म्हणतात ती ही नव्हे, ही उजेडाच्या शोधातली धावपळ. सावलीत होया जगतो, वाढतो, चढतो. फुलत तेवढा नाही. दुपारी वेलाजवळ हात धरला आणि भिंतीवर त्याची सावली जेमतेम उमटली, तर फुलांची आशा धरू नये.

शेजाऱ्यांनी कुंडी पूर्वेच्या खिडकीकडे नेली, तीही टप्प्याटप्प्याने, दोन-तीन आठवड्यांत, कारण सावलीतली पाने एकदम उन्हात गेली तर करपतात. सकाळचे कोवळे ऊन थेट, बाकी दिवसभर भरपूर उजेड, एवढेच. नत्राचे खत थांबवले, कारण त्याने पानेच वाढली असती. थंडीच्या दिवसांत कुंडीतली माती चांगली सुकू देऊन मगच पाणी घातले. मोठ्या कुंडीचा मोह मी त्यांना आवरायला लावला. मुळांना थोडी अडचण असावी हे जुने मत मलाही पटते, पण उजेड नसेल तर नुसत्या अडचणीने कोणी फुलत नाही. वेलाने पानांवाचूनचे लांबच लांब धुमारे सोडले होते, तेही वांझ समजून छाटू दिले नाहीत. पाने त्यांच्यावर मागाहून येतात, आणि बरेचदा पहिला दांडाही त्यांच्यावरच निघतो.

इथेही तसेच झाले. पुढच्या उन्हाळ्यात अशाच एका धुमाऱ्यावर दांडा दिसला, टोकाशी दाणेही धरले, आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी कुंडी उचलून फिरवली गेल्यावर ते दाणे पिवळे पडून गळले. कळ्या धरल्यानंतर जागा बदलली किंवा माती कोरडीठाक झाली, तर होया कळ्या टाकून देतो. शेजारीण कात्री शोधू लागली तेव्हा मी दांड्याला नख न लावता बोटाने हलकेच वाकवून दाखवला. तो चिवट होता आणि त्याच्यात हिरवेपणा होता. मेलेला दांडा तपकिरी, हलका होतो आणि स्पर्शासरशी गळून हातात येतो. काही आठवड्यांनी त्याच टोकातून दुसऱ्यांदा कळ्या आल्या आणि या वेळी त्या उमलल्या. नवा दांडा घडवायला वेलाला पुन्हा नवी वाढ करावी लागली असती, ती वाट पाहणे वाचले.

हा नियम सगळ्या होयांना सरसकट लागू नाही. काही जातींचे दांडे बहर संपला की आपोआप गळतात, आणि गळलेल्याचे दुःख करण्यात अर्थ नसतो. पिठ्या ढेकूणही नेमका दांड्याच्या खाचांत लपतो, तेव्हा दांडे राखायचे तर अधूनमधून ते निरखायलाही हवेत. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला की काम भागते, त्यासाठी दांडा तोडावा लागत नाही. फूलदाणीसाठी फुले हवीच असतील तर दांड्याला हात न लावता एकेक फूल त्याच्या देठासह खुडावे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुने दांडे राखलेला वेल एकाच वेळी अनेक ठिकाणी फुलतो, रात्री त्याचा गोड वास बंद खोलीत इतका दाटतो की काहींचे डोके धरते, आणि फुलांतून पाझरणारा मध खालच्या फरशीवर चिकट ठिपके पाडतो, ज्यांच्यामागे मुंग्या येतात. मावशी रोज फरशी पुसणारी होती. तिला होयाचे काही कळत नसे असे मी इतकी वर्षे समजत आले; पण छताजवळ फुलणाऱ्या वेलाचा वासही नाकापासून लांब राहतो, हे लक्षात घेता तिला सगळे कळत असावे असा मला अलीकडे दाट संशय आहे.